अजरख आणि कलमकारी समजून घ्यायची तर एक छोटं कापड स्वतः रंगवून बघा

कच्छच्या अजरखची ओढणी किंवा आंध्रातल्या कलमकारीची साडी हातात घेतली की बहुतेकांना वाटतं, ठशावर लाल रंग लावला असेल आणि कापडावर दाबला असेल. मग काळा लावला, मग निळा. प्रत्यक्षात या दोन्ही कलांमध्ये लाल रंग ठशाने किंवा कलमाने कापडावर जातच नाही. ठशाने जाते ती तुरटी. लाल रंग असतो पुढच्या हंड्यात, आणि त्या हंड्यात अख्खं कापड बुडवतात. जिथे तुरटी आहे तिथे लाल धरतो, जिथे नाही तिथे धुऊन निघून जातो. म्हणजे कारागीर रंग छापत नाही, रंगाने कुठे बसायचं आणि कुठे नाही ते छापतो.

हे नुसतं वाचून डोक्यात उतरत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी पांढरा, काळा आणि लाल असं तीन रंगांचं एक छोटं कापड करायला सांगते. त्यानंतर बाजारातलं कापड उलटसुलट करून बघितलं की त्यावर आधी काय झालं आणि नंतर काय, हे दिसायला लागतं.

सामान

साधं मांजरपाट घ्या, कोरं, न धुतलेलं. वजनकाट्यावर १०० ग्रॅम भरेल एवढा तुकडा कापा, कारण पुढची सगळी मापं कापडाच्या वजनावर आहेत. हिरड्याची पूड, तुरटी, मंजिष्ठाची पूड आणि बाभळीचा डिंक आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. चुना पानवाल्याकडचा चालेल. घट्टपणासाठी चिंचोक्याचं पीठ लागेल. भांडी स्टीलची किंवा कल्हई नसलेल्या तांब्याची घ्या, आणि ती पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. लोखंडी बादली, गंजलेला चिमटा, तारेचा हँगर यातलं काहीही हिरडा लावलेल्या कापडाजवळ येऊ द्यायचं नाही. का, ते पुढे कळेलच.

काळ्या रंगाची तयारी मात्र दोनतीन आठवडे आधी करावी लागते. अर्धा किलो गंजके खिळे, जुने नटबोल्ट किंवा भंगारवाल्याकडचं लोखंड, २०० ग्रॅम गूळ आणि मूठभर बेसन दोन लिटर पाण्यात घालून प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण मिश्रण आंबतं आणि वायू सुटतो. कच्छमध्ये यात बैलांचे, घोड्यांचे जुने नाल टाकतात. कलमकारीचं गाव असलेल्या आंध्रातल्या श्रीकाळहस्तीतही लोखंड आणि गूळच, तिथे त्याला ‘कसीम’ म्हणतात. गूळ आंबून आम्ल तयार होतं आणि ते लोखंड विरघळवतं. वर पिवळसर साय आली, वास आंबूस झाला आणि हिरडा लावलेल्या चिंधीवर थेंब टाकताच ती काळी पडली, की पाणी तयार झालं. थेंब नुसता राखाडी राहिला तर आणखी आठवडाभर थांबा.

कापड तहानलेलं हवं

मांजरपाटात खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेण असतं. ती दोन्ही निघाली नाहीत तर पुढचं काहीच कापडाच्या आत शिरत नाही. तीन लिटर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळा. पाणी चहासारखं होईल. ते फेकून द्या, कापड स्वच्छ धुवा आणि वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब क्षणात पसरला तर झालं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. नवशिक्यांच्या कापडावर जे डाग डाग दिसतात, त्यांपैकी बरेचसे इथेच जन्माला येतात. अजरखवाले या पायरीवर कित्येक दिवस घालवतात: एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या यांच्या पाण्यात कापड मळायचं, गुंडाळून ठेवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. त्यांचं कापड इतकं मऊ का असतं, त्याचं उत्तर या मळण्यात आहे.

हिरडा

२० ग्रॅम हिरड्याची पूड लिटरभर कोमट पाण्यात कालवून कापड त्यात दोनतीन तास ठेवा, मधूनमधून हलवा. मग पिळा आणि न धुताच उन्हात वाळवा. कापड फिकट पिवळं, जरा मातकट होईल. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं. तुरटी आणि लोखंड नुसत्या सुतावर नीट टिकत नाहीत, पण टॅनिनला घट्ट चिकटतात. ही पायरी अजरख आणि कलमकारी दोन्हींत आहे. फरक इतकाच की श्रीकाळहस्तीत हिरड्याबरोबर म्हशीचं दूध घालतात. तिथे हाताने रेषा ओढायची असते, आणि दुधातल्या स्निग्धपणामुळे पातळ द्रव सुतात इकडेतिकडे पसरत नाही. ताज्या कलमकारीला जो आंबट दुधाचा वास येतो तो याचाच.

आता लोखंड का नको ते बघा. या कापडावर कुठे ओला खिळा टेकला तरी तिथे काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. आपल्याला काळा हवाच आहे, पण आपण ठरवू त्या जागी.

आधी पांढरा

अजरखमध्ये पहिला ठसा पांढऱ्याचा असतो, म्हणजे चुना आणि डिंक यांच्या लगद्याचा. डिंक रात्रभर भिजवून मधाइतका दाट करा, त्यात चुना कालवा आणि पातळ कापडातून गाळा. थाळीत फोमचा तुकडा किंवा घोंगडीची दोनतीन पदरी घडी ठेवून त्यावर हा लगदा ओता आणि ठसा त्यावर टेकवून उचला. लगद्यात ठसा थेट बुडवलात तर कोरीवकाम बुजतं. लाकडी ठसा नसेल तर बारीक ब्रशने रेषा काढल्या तरी शिकण्यापुरतं काम होतं. वाळल्यावर ही रेघ कापडावर किंचित वर आलेली हाताला लागते. जिथे ती आहे, तिथे यापुढचं काहीही सुतापर्यंत पोचणार नाही. अजरखमधल्या प्रत्येक ताऱ्याभोवती जी बारीक पांढरी कड असते ती ही.

मग काळा आणि लाल

आंबलेलं लोखंडी पाणी गाळून घ्या, त्यात चिंचोक्याचं पीठ घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. गार झाल्यावर ते ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा सैल असलं पाहिजे. पातळ राहिलं तर कडा फुटतात. ठसा उमटवला की पहिल्या क्षणी ओली मळकट खूण दिसते, आणि बघता बघता ती राखाडी होते, मग जांभळट, मग काळी. कितीही वेळा केलं तरी मी इथे थांबून बघते. रंग कोणी लावलेला नाही, हिरडा आणि लोखंड कापडातच एकमेकांना भेटले आणि काळा तिथेच तयार झाला.

लालसाठी १०० मिलिलिटर गरम पाण्यात आठ ग्रॅम तुरटी विरघळवा आणि तसाच चिंचोक्याचा लगदा करा. तुरटीला रंग नसतो, त्यामुळे कुठे छापलं ते दिसत नाही. म्हणून चिमूटभर काव घाला. ती नंतर धुऊन जाते. काळ्या रेषांच्या आतला जो भाग लाल हवा तिथे हा लगदा भरा.

आता किमान दोन दिवस कापडाला हात लावू नका. तुरटी आणि लोखंड सुतात मुरायला वेळ लागतो. इथे घाई केली तर लाल फिका येतो, आणि आलेला फिकेपणा नंतर कशानेही भरून निघत नाही.

धुणं, जिथे बहुतेकांचं बिघडतं

कापडावर आता न मुरलेली तुरटी आणि लोखंडही आहे. साचलेल्या पाण्यात भिजवलं तर ते सुटून पांढऱ्या भागावर जाऊन बसतं, आणि हंड्यातून कापड बाहेर काढल्यावर पांढरा गुलाबी किंवा राखाडी निघतो. म्हणून भरपूर पाणी घ्या, कापड एकदम उघडं करून त्यात सोडा आणि सतत हलवत राहा, घडी पडू देऊ नका. दोन पाणी झाल्यावर तिसऱ्या कोमट पाण्यात मूठभर गव्हाचा कोंडा टाका आणि त्यात दहा मिनिटं हलवा. सुटलेले कण कोंडा धरून ठेवतो. हेच काम जुन्या पद्धतीत शेण करतं.

ही कामं नदीकाठी का वाढली ते इथे समजतं. श्रीकाळहस्तीत कापड स्वर्णमुखीच्या वाहत्या पाण्यात धुतलं जायचं. कच्छमध्ये धमडका गावचे खत्री कारागीर नदीवर अवलंबून होते. नदी आटली, जमिनीतल्या पाण्यात लोह वाढलं, आणि लोह असलेल्या पाण्यात हिरडा लावलेलं कापड धुणं म्हणजे सगळ्या कापडावर पुसट काळा चढवणं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने गावाची पडझड झाल्यावर अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. तिथलं पाणी हे त्यामागचं मोठं कारण होतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि बादलीच्या तळाशी तांबूस थर बसत असेल, तर हा प्रयोग पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा.

लाल हंडा

१०० ग्रॅम कापडाला ७० ते १०० ग्रॅम मंजिष्ठाची पूड घ्या आणि रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी कापड मोकळं तरंगेल इतकं पाणी घाला, कापड सोडा आणि आच अगदी हळू वाढवा. तासाभरात पाणी हाताला सोसवणार नाही इतकं गरम व्हावं, पण उकळू नये. मंजिष्ठ खळखळून उकळली की तिच्या मुळातला तपकिरी रंग सुटतो आणि लालाचा विटकरी होतो. कच्छमध्ये आज बरेच जण मुळाऐवजी कारखान्यात तयार झालेलं अॅलिझरिन वापरतात, ते उकळलं तरी चालतं. मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांमध्ये जो रंग असतो त्याच घराण्यातला हा रंग, आणि तोही तुरटीशिवाय धरत नाही, त्यामुळे पद्धत तीच राहते. या हंड्यात ते धायटीची वाळलेली फुलं टाकतात, त्याने पांढरा कमी मळतो. धायटी आपल्या सह्याद्रीतही उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते. मूठभर फुलं मिळाली तर जरूर घाला.

बाहेर काढल्यावर सगळं कापड गुलाबीसर दिसेल, घाबरू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा आणि ओलं असतानाच उन्हात पसरा. वाळत आलं की पाणी शिंपडा, असं दोनतीन दिवस करा. तुरटी नसलेल्या जागेवरचा रंग ऊन खातं आणि पांढरा उजळतो. लाल आणि काळा जागचे हलत नाहीत. अगदी बर्फासारखा पांढरा मात्र मागू नका. हिरड्याची थोडी छटा उरतेच, आणि खऱ्या अजरखचा, कलमकारीचा पांढरा असाच जरा दुधाळ असतो.

कापड हातात आल्यावर चुका अशा ओळखा. पांढरा राखाडी असेल तर धुताना लोखंड पसरलं. सगळीकडे सारखा गुलाबी असेल तर तुरटी पसरली. लाल फिका असेल तर तुरटीला मुरायला वेळ मिळाला नाही. काळ्याच्या कडा फुटल्या असतील तर लगदा पातळ होता. काळ्या जागी कापड कडक आणि ठिसूळ लागत असेल, तर लोखंडाचं पाणी फार तीव्र झालं. ही शेवटची गोष्ट गंभीर आहे, कारण जास्तीचं लोखंड सुताला हळूहळू खातं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषा आधी विरलेल्या दिसतात त्या त्यामुळेच.

निळा अजरखमध्ये कसा येतो

निळीचं पिंप ही वेगळी विद्या आहे, पहिल्या कापडात तिच्या मागे लागू नका. (दुकानात कपड्यांसाठी मिळणारी नीळ ही ती नव्हे.) पण ती कुठे बसते हे माहीत असायला हवं. नीळ तुरटी बघत नाही, हिरडा बघत नाही. कापड ओलं झालं की सगळीकडे धरते. म्हणून तिच्यापासून वाचवायचं ते झाकावंच लागतं. अजरखमध्ये तुरटी छापून झाल्यावर लाल राहायच्या जागांवर चिकणमाती, डिंक आणि तुरटी यांचा जाड लगदा छापतात आणि तो ओला असतानाच त्यावर लाकडाचा भुसा किंवा वाळलेल्या शेणाची भुकटी भुरभुरतात, म्हणजे ओला लगदा कापडाच्या दुसऱ्या भागाला चिकटत नाही. मग कापड निळीत बुडवतात. बाहेर येतं तेव्हा ते हिरवट असतं, हवा लागली की निळं होतं. नंतर धुणं, आणि त्यानंतर लाल हंडा. गडद निळा हवा असेल तर पुन्हा लगदा, पुन्हा नीळ. दोन्ही बाजूंनी छापलेल्या अजरखमध्ये हे सगळं कापडाच्या पाठीवरही, पहिल्या ठशावर तंतोतंत ठसा जुळवून करतात.

कलमकारीत फरक कुठे पडतो

श्रीकाळहस्तीची कलमकारी हाताने काढतात. बांबूच्या टोकदार काडीला टोकापासून थोडं वर लोकर किंवा चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधली की कलम झालं. चिंधी द्रव पिते, बोटांनी किंचित दाबलं की टोकातून रेषा उतरते. तुमच्याकडचं लोखंडी पाणी लगदा न करता नुसतं गाळून, दूध-हिरडा लावलेल्या चिंधीवर असं कलम चालवून बघा. चिंचेच्या काटक्या जाळून केलेल्या कोळशाने आधी रेखाटतात, मग काळी रेष, मग लाल जागांवर तुरटी, धुणं, लाल हंडा. पिवळा आणि निळा त्यानंतर येतात. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा होतो, त्यामुळे पानांच्या हिरव्यात पिवळ्याची कड कधीकधी बाहेर डोकावते. पूर्वी निळा नको तिथे मेण लावून झाकत. आता बहुतेक ठिकाणी निळा कलमानेच भरतात, म्हणून पेन-कलमकारीत रंग रोखण्यापेक्षा रंग धरवण्याचं काम जास्त आहे.

मच्छलीपट्टणजवळच्या पेडणात मात्र ठसे चालतात. तिथला माल गोवळकोंड्याच्या काळात इराणपर्यंत जायचा, त्यामुळे नक्षी गिऱ्हाइकाच्या आवडीची: वेली, कैरी, मोर, फुलांनी लगडलेला जीवनवृक्ष. श्रीकाळहस्तीचं काम देवळांच्या पडद्यांतून आलं. तिथे रामायण-महाभारताच्या कथा चौकटीचौकटीने येतात, मोठ्या डोळ्यांची माणसं, निळा राम, निळा कृष्ण, आणि खाली तेलुगू ओळी. अजरखमध्ये माणूस नाही, प्राणीही नाही. वर्तुळातून निघालेले तारे, मेहराब, ढगासारखा ‘कक्कर’, बदाम, चंपाकळी, आणि मधल्या भागाभोवती किनारींच्या चौकटी.

दुकानात कापड वाचताना

समजा लालचुटूक पार्श्वभूमीवर निळ्या ताऱ्यांची ओढणी समोर आहे. आधी पाठ बघा. स्क्रीन प्रिंटची पाठ फिकी आणि ठिपक्याठिपक्यांची असते, रंग वरच बसलेला असतो. हंड्यात बुडवलेल्या कापडात, ते एकाच बाजूने छापलेलं असलं तरी, लाल आणि निळा पाठीपर्यंत मुरलेले असतात. मग पांढऱ्या कडेवर नजर ठेवा: खरी कड जाडीने जरा कमीजास्त होते, आणि कुठेतरी शेजारचा काळा तिच्यात किंचित घुसलेला असतो. ठसा जिथे पुन्हा टेकला तो सांधा शोधा, दर वीतभराने तो थोडा सरकलेला सापडेल. लालात कुठे गडद जांभळट शिंतोडे दिसले तर ती तिथल्या मातीच्या लगद्याला तडा गेल्याची आणि नीळ आत शिरल्याची खूण आहे. हे दोष नव्हेत, पण दुकानदाराने खूप पैसे मागितले तर ते किती आहेत हे बघायला हवं. चांगल्या कारागिराच्या कापडात ते शोधावे लागतात.

‘कलमकारी’ म्हणून मीटरवर मिळणारं बहुतेक कापड एकतर पेडणाच्या ठशांचं असतं किंवा यंत्रावर छापलेलं. हाताच्या कलमाची ओळख रेषेत आहे. रेष सुरू होते तिथे जाड, संपते तिथे बारीक, आणि एका चित्रातले दोन डोळे कधीच हुबेहूब सारखे नसतात. तीच आकृती तीच चूक घेऊन अर्ध्या मीटरवर पुन्हा आली तर कापड कलमाचं नाही, मग किंमतही कलमाची देऊ नका.

लिंबाचा थेंब टाकून ‘नैसर्गिक’ रंग तपासण्याचा सल्ला बरेच जण देतात. कृपया तसं करू नका. आम्लाने लोखंडाचा काळा खरोखरच फिका पडतो, म्हणजे परीक्षेत पास झालेलं कापडच खराब होतं. त्याच कारणाने या कपड्यांवर ताक, लिंबू, घाम राहू देऊ नये. पहिल्या दोनतीन धुण्यांत निळीची सैल भुकटी जाते, तेव्हा वेगळं धुवा, रिठ्यात किंवा सौम्य साबणात, आणि सावलीत वाळवा.

तुमचा तिरंगी तुकडा नीट उतरला असेल, पांढरा स्वच्छ आणि लाल सगळीकडे सारखा, तर पुढच्या वेळी तीच नक्षी दोन भागांत करा: एका भागात तुरटीचा लगदा, दुसऱ्या भागात तुरटी आणि लोखंड निम्मेनिम्मे. एकाच हंड्यातून दुसरा भाग गडद जांभळट-तपकिरी होऊन बाहेर येईल. मग निळीचं पिंप लावायला घ्या.